अर्जाच्या पत्रातला विनोद: कुठे खपतो, कुठे अंगाशी येतो

प्रश्न: मी इंदूरची. बी. कॉम. झाल्यावर चार वर्षे पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये काम केले, मग आईच्या आजारपणात अकरा महिने घरी होते. आता पुण्याच्या एका कंपनीत स्टोअर्स आणि साठा-नियंत्रणाच्या जागेसाठी अर्ज करते आहे. सगळ्यांची पत्रे एकाच साच्यातली असतात, म्हणून माझ्या इंग्रजी पत्रात चार ठिकाणी हलका विनोद केला आहे. मैत्रिणींना तो फार आवडला, दादा म्हणतो सगळा काढून टाक. कुणाचे ऐकू? पत्र आणि माझ्या कामाची टिपणे सोबत पाठवते.

उत्तर: चारपैकी एक वाक्य ठेवा, तेही जागा बदलून आणि थोडे दुरुस्त करून, उरलेली तीन काढून टाका. म्हणजे तुमचा दादा बारा आणे बरोबर आहे आणि मैत्रिणी चार आणे. मात्र दादाचे कारण ‘नोकरीच्या पत्रात हसायचे नसते’ एवढेच असेल, तर ते मला मान्य नाही. इंदूर, देवास आणि पीथमपूर इथल्या कारखान्यांसाठी माणसे निवडण्याच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आहेत, आणि ज्या पत्रांनी मला हसवले त्यांपैकी काही लिहिणाऱ्यांना मी आनंदाने मुलाखतीला बोलावले आहे. तुमची तीन वाक्ये मी काढायला सांगतो आहे, ती त्यांच्यातल्या हशाचे बिल तुमच्याच नावावर फाटते म्हणून.

आधी हे पत्र कुणाकुणाच्या हातांतून जाणार आहे, ते पाहू. कारखान्यातल्या अशा जागेसाठी अर्ज पहिल्यांदा मनुष्यबळ विभागातली एखादी तरुण व्यक्ती चाळते. तिच्यासमोर त्या दिवशी बरेच अर्ज असतात, ती बहुधा आधी बायोडेटा उघडते आणि ईमेलमधले पत्र वरवर पाहते. तिने पुढे पाठवलेले अर्ज स्टोअर्सचे व्यवस्थापक वाचतात. हे गृहस्थ सकाळपासून ट्रक, चलने आणि ‘माल आला का’ या फोनांनी वैतागलेले असतात, आणि त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, की ही मुलगी साठा जुळवून दाखवील का. मुलाखतीच्या दिवशी तुमच्या पत्राची प्रिंट टेबलावर असते आणि तिथे अकाउंट्स विभागातला कुणीतरी ती पहिल्यांदाच वाचतो. म्हणजे एकच वाक्य तीन वेगवेगळ्या मनःस्थितींत वाचले जाणार, आणि तिन्ही वेळा ते समजावून सांगायला तुम्ही शेजारी नसणार.

तुमच्या मैत्रिणींनी ते पत्र तुमच्या आवाजात वाचले. त्यांना तुमचा चेहरा, थांबण्याची लकब, भुवई उचलण्याची सवय ठाऊक आहे. कागदावर यातले काहीच जात नाही, आणि लिहिणाऱ्याला ते गेले नाही हे कळतही नाही. क्रूगर आणि एप्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच तपासले होते. काही वाक्ये गंभीरपणे आणि काही उपरोधाने म्हणायची होती, एकदा बोलून आणि एकदा ईमेलने. पाठवणाऱ्यांना वाटत होते की दोन्हीकडे आपला रोख सारखाच कळेल. प्रत्यक्षात बोललेल्या वाक्यांचा रोख बहुतेकांना कळला, पण ईमेलच्या बाबतीत वाचणाऱ्यांनी नाणे उडवून उत्तरे दिली असती तरी फारसा फरक पडला नसता. तुम्ही तर अशा माणसाला लिहिता आहात ज्याने तुमचा आवाज कधीच ऐकलेला नाही.

आता एकेक वाक्य घेतो. तुमचे पत्र इंग्रजीत आहे, पण इथे सोयीसाठी त्यातला मजकूर मराठीत देतो. तसे करताना काय गळून पडते, तेही आपोआप दिसेल.

तुमच्या पत्राची सुरुवात अशी आहे: “ज्या शहरात पोह्यांवर, भाजीवर आणि शक्य झाल्यास चहावरही शेव भुरभुरवली जाते, त्या शहरातून मी तुमच्या विभागात थोडा कुरकुरीतपणा घेऊन येते आहे.” सराफ्यात किंवा छप्पन दुकानवर उभे राहून हे म्हटले तर हशा नक्की येईल. पत्रात त्याच्यापुढे तीन अडचणी उभ्या राहतात. पहिली भाषेची आहे. हा विनोद तुम्हाला मराठीत किंवा आपल्या इंदुरी हिंदीत सुचला आणि इंग्रजीत तुम्ही त्याचे भाषांतर केले. तिथे ‘कुरकुरीतपणा’साठी तुम्ही जो शब्द वापरला आहे, तो इंग्रजीत नेटक्या, आटोपशीर लिहिण्याबोलण्याबद्दलही वापरतात, त्यामुळे वाचणाऱ्याला तुम्ही शेवेबद्दल बोलता आहात की आपल्या पत्रव्यवहाराबद्दल, हे क्षणभर कळत नाही. असा क्षणभराचा घोटाळा विनोदाचा जीव घेतो. दुसरी अडचण जागेची. ईमेलच्या यादीत विषयाच्या शेजारी पत्राचे पहिले काही शब्द दिसतात, आणि फोनवर तर बहुधा तेवढेच दिसतात. तिथे ‘ज्या शहरात पोह्यांवर’ एवढेच दिसले, तर चाळणाऱ्या व्यक्तीला हा अर्ज आहे की खाद्यपदार्थांची जाहिरात, असा प्रश्न पडेल. त्या जागेवर पदाचे नाव, तुमची चार वर्षे आणि पीथमपूर हे शब्द असायला हवेत.

तिसरी अडचण थोडी नाजूक आहे. गावावरचा विनोद गावातल्याने गावातल्याला सांगितला, की तो आपुलकीचा असतो; परगावच्या माणसापुढे तोच आपली ओळख म्हणून पहिल्या ओळीत मांडला, की समोरचा तुम्हाला त्याच चौकटीत बसवून पुढचे वाचतो. पुण्यातल्या वाचकाच्या मनात इंदूर म्हणजे आधीच खाणेपिणे असते. तुम्ही त्याला चार वर्षांच्या साठा-नियंत्रणाकडे न्यायचे, ते सोडून पुन्हा प्लेटीकडेच परत नेता आहात. आणि वाचणारा योगायोगाने इंदूरचाच निघाला, तर शेवेवरचा विनोद त्याने इतक्या वेळा ऐकलेला असेल, की तो हसण्याऐवजी पुढच्या अर्जाकडे वळेल.

दुसरे वाक्य: “एक्सेल आणि मी यांचे नाते सासू-सुनेचे आहे, एकमेकींशिवाय चालत नाही, पण दररोज भांडण ठरलेले.” चौघांत हे वाक्य सर्वांत चतुर आहे आणि सर्वांत महागात पडणारेही हेच आहे. साठा-नियंत्रणाच्या जागेसाठी येणाऱ्या उमेदवाराला एक्सेल किती येते, हा त्या व्यवस्थापकांच्या मनातला पहिला किंवा दुसरा प्रश्न असणार, आणि तुम्ही त्याचे उत्तर स्वतःहून ‘भांडण’ असे देऊन मोकळ्या झालात. टिपणांत तुम्ही लिहिले आहे की दर महिन्याच्या शेवटी सुमारे नऊशे वस्तूंचा साठा-तक्ता तुम्ही एकट्या तयार करत होता आणि खणाला लावलेल्या बिन कार्डावरचा आकडा व लेजरमधला आकडा सूत्राने ताडून पाहत होता. म्हणजे भांडण नाहीच मुळी. तुम्हाला ते चांगले येते. विनयापोटी केलेला हा विनोद वाचणारा विनय म्हणून घेत नाही, तो कबुली म्हणून घेतो.

बिटर्ली, ब्रूक्स आणि श्वाइट्झर या संशोधकांनी २०१७ साली कामाच्या ठिकाणच्या विनोदावर प्रयोग प्रसिद्ध केले. जमून गेलेल्या विनोदाने बोलणाऱ्याचा आत्मविश्वास आणि कर्तबगारी दोन्ही इतरांच्या नजरेत वाढलेली त्यांना दिसली. अनुचित विनोदाने मात्र माणूस आत्मविश्वासू वाटला तरी त्याच्या कर्तबगारीबद्दलचे मत खाली आले. अर्जाला नेमका हाच भाग लागू पडतो. ‘मुलगी धीट दिसते, पण कामाचे काय?’ ही शंका घेऊन कुणी पत्र बाजूला ठेवले, तर तुमचा धीटपणा कुणाच्याही कामी आला नाही. स्वतःवर हसायचेच असेल, तर त्या पदाशी दूरान्वयानेही संबंध नसलेल्या गोष्टीवर हसावे, आणि अशी गोष्ट सापडणे वाटते तितके सोपे नाही. अक्षर वाईट आहे असे गमतीने लिहावे म्हटले, तर स्टोअर्सच्या माणसाला लगेच आठवते की ‘१’ आणि ‘७’ यांच्यातला फरक न कळल्यामुळे बिन कार्डावर काय काय गोंधळ होतात.

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी बडोद्याच्या एका अभियांत्रिकी कंपनीत कार्मिक विभागातल्या जागेसाठी अर्ज केला होता. जाहिरातीत अपेक्षित पगार कळवायला सांगितले होते, आणि मी पत्राच्या शेवटी लिहिले: “आपल्याला देताना थोडे वाईट वाटेल आणि मला घेताना लाज वाटणार नाही, इतका.” पहिल्या वाचणाऱ्याला ते आवडले असावे, कारण मुलाखतीचे बोलावणे आले. टेबलापलीकडे तिघे होते. कडेला बसलेल्या हिशेबखात्याच्या साहेबांपुढे माझ्या पत्राची प्रत होती आणि त्या वाक्याखाली लाल पेनाची रेघ होती. माझे सगळे काम विचारून झाल्यावर त्यांनी चष्मा वर केला आणि अगदी शांतपणे विचारले, “हे वाईट वाटणे नेमके किती रुपयांपासून सुरू होते?” मी हसलो. ते हसले नाहीत. त्या गडबडीत मी घरून ठरवून आणलेल्या आकड्यापेक्षा हजाराने कमी आकडा सांगून बसलो. नोकरी मिळाली, पण त्या एका वाक्याचा हजार रुपयांचा हप्ता मी दरमहा तीन वर्षे भरला. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की पगार, नोटीसचा काळ आणि जुनी नोकरी सोडण्याचे कारण या तीन ठिकाणी वाक्य शक्य तितके कोरडे असावे, कारण तिथे समोरचा माणूस मजकूर वाचत नसतो, सौद्याची जागा शोधत असतो.

तुमचे तिसरे वाक्य याच जातीचे आहे. अकरा महिन्यांच्या खंडाबद्दल तुम्ही लिहिले आहे: “या काळात मी घरी ‘मुख्य व्यवस्थापक, डाळ-भात आणि औषधे’ या पदावर विनावेतन कार्यरत होते.” यामागे संकोच आहे, हे मला समजते, आईच्या आजाराचे भांडवल करते आहे असे कुणाला वाटू नये, म्हणून तुम्ही ते हसण्यावारी नेले. पण वाचणाऱ्याच्या बाजूने पाहा. खंड दिसला की त्याच्या मनात साधा प्रश्न असतो: का, आणि आता ते कारण संपले आहे का? विनोदात या दोन्हींचे उत्तर नाही, त्यामुळे काहीतरी झाकले जाते आहे असा संशय येतो. उलट तो मनमोकळा हसला आणि मुलाखतीत ‘मग डाळ-भात कसा चालला होता?’ असे विचारून बसला, आणि तुम्ही आईच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितले, तर त्याला ओशाळे व्हावे लागेल. ज्या माणसाला आपल्यामुळे ओशाळे व्हावे लागले, तो आपल्याबद्दल सहसा चांगले मत करून घेत नाही, हा माणसांचा जुना स्वभाव आहे. इथे एवढेच लिहा: “आईच्या आजारपणामुळे अकरा महिने मी नोकरी करत नव्हते, आता तिची प्रकृती ठीक आहे आणि मी पुण्यात पूर्णवेळ रुजू होऊ शकते.” यात दयेची याचना नाही आणि लपवाछपवीही नाही. आजाराचे नाव सांगण्याची गरज नाही.

आता चौथे वाक्य, ज्याच्यासाठी मी हे सगळे लिहितो आहे. तुम्ही लिहिले आहे: “आमच्या स्टोअर्समध्ये रात्री बेअरिंगांना पाय फुटत, मी आल्यावर ते थांबले.” कल्पना उत्तम आहे, पण आहे तशी ती पाठवू नका. ‘पाय फुटणे’ म्हणजे चोरी, असे कुणीही वाचील. म्हणजे तुम्ही जुन्या कारखान्यातल्या रात्रपाळीच्या लोकांवर, नाव न घेता का होईना, आळ घेतला. आणि वाचणारा असाच विचार करणार की उद्या ही आमच्याबद्दलही असेच लिहील. जुन्या मालकावर केलेला विनोद नव्या मालकाला हसवतो, पण त्याला सावधही करतो.

तुमच्या टिपणांतली खरी गोष्ट या वाक्यापेक्षा किती तरी सरस आहे. पहिल्याच साठा-मोजणीत ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगांचा बिन कार्डावरचा आकडा ११२ होता आणि खणात निघाली १०४. आठांचा फरक. त्यांपैकी दोन शेजारच्या ६३०५ च्या खणात सापडली. दोन्हींचे भोक २५ मिलिमीटरचेच असते, फक्त ६३०५ बाहेरून मोठे असते, त्यामुळे खोक्यावरचा आकडा घाईत वाचला की असा घोटाळा होतो. उरलेली सहा रात्रपाळीत मशीन बंद पडल्यावर फिटरने नेली होती. स्टोअर्सला कुलूप असल्यामुळे चावी शिफ्ट इनचार्जकडून घ्यायची, माल काढायचा आणि इश्यू स्लिप ‘सकाळी देतो’ असे सांगायचे, ही रीत होती. सकाळ झाली की फिटर घरी जात असे आणि स्लिप त्याच्या खिशात. इथे कुणी चोर नव्हता. माल योग्य कामासाठीच गेला होता, फक्त कागद मागे राहिला होता. तुम्ही शिफ्ट इनचार्जच्या टेबलावर अनुक्रमांक छापलेले तात्पुरत्या स्लिपांचे पुस्तक ठेवले, चावीच्या वहीत स्लिपचा क्रमांक लिहिल्याशिवाय चावी द्यायची नाही असे ठरवून घेतले, आणि रोज सकाळी दहाच्या आत त्या स्लिपा लेजरला चढवू लागलात. पाचव्या महिन्याच्या मोजणीत त्याच खणातला फरक एकावर आला.

आता याच मजकुरात तुमचा विनोद बसवून पाहू:

“पहिल्या साठा-मोजणीत एका प्रकारच्या बेअरिंगांमध्ये आठांचा फरक निघाला. दोन शेजारच्या खणात होती. उरलेली सहा ‘सकाळी देतो’ नावाच्या खात्यात जमा होती, जे आमच्या कोणत्याही लेजरमध्ये नव्हते. रात्रपाळीसाठी अनुक्रमांकाच्या स्लिपा आणि चावीची नोंद सुरू केल्यावर पाच महिन्यांत हा फरक एकावर आला आणि ते खाते बंद झाले.”

हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदा जरी स्टोअर्स सांभाळले आहे, त्याला हसवील, मग तो पुण्याचा असो, बडोद्याचा असो किंवा चेन्नईचा. कारण ‘सकाळी देतो’ हे खाते सगळ्या कारखान्यांत असते. इंग्रजीत नेतानाही ते मोडत नाही, कारण गंमत शब्दांच्या कसरतीत नाही, परिस्थितीत आहे. ज्याला हसू येणार नाही, त्या अकाउंट्सच्या माणसालाही त्यातून कारण, उपाय आणि निकाल मिळतोच. मी ज्या कसोटीवर पत्रातला विनोद तपासतो ती हीच आहे: वाचणारा अजिबात हसला नाही असे समजा, आणि मग त्या वाक्यात त्याच्यासाठी काय उरते ते पाहा. शेवेच्या वाक्यात काहीच उरत नाही. एक्सेलच्या वाक्यात एक उणीव उरते. डाळ-भाताच्या वाक्यात एक संशय उरतो. या वाक्यात मात्र तुमचे पाच महिन्यांचे काम उरते. शिवाय इथे विनोद कुणा माणसावर नाही, एका सवयीवर आहे, आणि ती सवय मोडणारी व्यक्ती तुम्ही आहात, हे न सांगता कळते.

मी कारखान्याचे नाव किंवा बेअरिंगचा क्रमांक पत्रात घातलेला नाही, तो तुम्हीही घालू नका. फरकाचे आकडे एवढे लहान आहेत की त्यांतून जुन्या कंपनीचे काही उघड होत नाही, पण वर्षभराच्या साठ्याची किंमत, पुरवठादारांची नावे किंवा ऑडिटचे शेरे पत्रात आले, तर तो मोकळेपणा ठरत नाही, बेजबाबदारपणा ठरतो.

जागेबद्दल सांगायचे, तर हा परिच्छेद दुसरा असावा. पहिल्या परिच्छेदात पद, अनुभव आणि तुम्ही सांभाळलेल्या साठ्याचा आवाका दोन-तीन सरळ वाक्यांत येऊ द्या. वाचणाऱ्याची खात्री पटली की ही कामाची माणूस आहे, मग तो हसायला तयार असतो. शेवटच्या परिच्छेदात खंड, रुजू होण्याची तारीख आणि आभार. तिथे पुन्हा ‘सकाळी’वर कोटी करण्याचा मोह होईल, उदाहरणार्थ ‘रुजू केव्हा होणार? सकाळीच!’ असे काहीतरी. तो आवरा. एका पत्रात एक हसू पुरे. दुसऱ्याने पहिले योजून आणलेले वाटू लागते.

जाहिरातीचा सूर खेळकर आहे म्हणून आपणही खेळकर व्हावे, असे तुम्ही टिपणात सुचवले आहे. त्यावर फार विसंबू नका. अशी जाहिरात बहुतेक वेळा मनुष्यबळ विभागातल्या किंवा बाहेरच्या एजन्सीतल्या तरुण मंडळींनी लिहिलेली असते. स्टोअर्सच्या व्यवस्थापकांनी ती वाचलेलीही नसते. जाहिरात-लेखन, रेडिओ किंवा लहान मुलांना शिकवणे अशा कामांत पत्र हाच कामाचा नमुना असतो, तिथे हात थोडा सैल सोडता येतो. याउलट सरकारी नोकरीत ठरावीक नमुन्यातला अर्ज भरायचा असतो आणि सोबतच्या पत्राचा सूर कुणी मोजत नाही. बँक, रुग्णालय, कारखान्यातला सुरक्षा विभाग इथे चूक म्हणजे कुणाचा तरी पैसा किंवा जीव असतो, म्हणून बेअरिंगसारखा निरुपद्रवी प्रसंगसुद्धा मी तिथे कोरडाच लिहीन.

पत्र पाठवण्याआधी ते मैत्रिणींना किंवा दादाला पुन्हा दाखवू नका, कारण दोघांचीही मते आता ठरलेली आहेत. ज्याने तुम्हाला कधी पाहिलेले नाही आणि ज्याचे वय पन्नाशीच्या पुढे आहे, अशा एखाद्या स्टोअर्सच्या किंवा अकाउंट्सच्या माणसाला, कुणाच्या तरी ओळखीने, ते मोठ्याने वाचायला सांगा, आणि त्यात काही गमतीचे आहे हे आधी सांगू नका. रामबागेत किंवा राजवाड्याच्या आसपास अशी निवृत्त मंडळी तुम्हाला सहज मिळतील. ‘सकाळी देतो’पाशी त्यांचा आवाज बदलला किंवा त्यांनी मान डोलावली, तर वाक्य राहू द्या. थांबून ‘हे कुठले खाते?’ असे विचारले, तर अवतरणचिन्हे आणि ‘खाते’ हा शब्द काढून ‘उरलेली सहा रात्रपाळीत स्लिपेशिवाय गेली होती’ असे सरळ लिहा. हसू जाईल, पण परिच्छेद तेवढाच भक्कम राहील.

शेवटी एक तयारी करून जा. पत्रात एकच वेगळे वाक्य असले, की मुलाखतीतला पहिला प्रश्न हमखास त्यावरच येतो. व्यवस्थापक विचारतील, “मग ते ‘सकाळी देतो’ खाते पुन्हा उघडले का?” तेव्हा आणखी एक कोटी करू नका. तुमच्या टिपणात आहे की सहाव्या महिन्यात नवा शिफ्ट इनचार्ज आला आणि दोन रात्री चावी नोंदीशिवाय गेली; ते तुम्हाला कसे कळले, स्लिपांच्या पुस्तकातले कोणते क्रमांक आणि चावीच्या वहीतल्या कोणत्या वेळा जुळत नव्हत्या, आणि त्या इनचार्जशी तुम्ही काय बोललात, हे तीन-चार वाक्यांत सांगा.